नाव न घेता किल्ला पाहणे

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून आपल्या माणसांना पाठवल्या जाणाऱ्या प्रवासचित्रांमध्ये एक प्रकार वारंवार आढळतो: काळ्या दगडांची उंच तटभिंत, तिच्या पायथ्याशी समुद्र किंवा ओला खडक, वर मोकळे आभाळ आणि सोबत "कोकणातला एक जुना किल्ला, इथं फार शांत वाटलं" यासारखी अर्धवट ओळ, जिच्यात किल्ल्याचे नाव, गाव किंवा तारीख यांपैकी काहीही नसते. असे छायाचित्र मिळताच पाहणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा ओळख पटवण्याची असते आणि "हा मुरुड-जंजिरा ना?" असा प्रश्न लगेच परत जातो. या किनाऱ्याच्या बाबतीत तो प्रश्न बहुतेक वेळा अपुऱ्या पुराव्यावर विचारलेला असतो आणि त्यामुळे छायाचित्रात जे खरोखर वाचता येण्यासारखे असते त्याकडे दुर्लक्ष होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. किल्ल्याचे नाव न घेताही त्याच्याविषयी बरेच नेमकेपणाने बोलता येते, आणि पाठवणाऱ्याशी संवाद साधायचा असेल तर तोच मार्ग अधिक फलदायी ठरतो.

अंदाज का फसतो हे कळण्यासाठी आधी या किनाऱ्याची रचना लक्षात घ्यावी लागते. थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे जवळजवळ आहेत. त्यांपैकी खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदीचे काम सुरू केले आणि त्याला शह म्हणून पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरी बळकट केली, म्हणजे एकमेकांच्या विरोधात उभे राहिलेले हे दोन किल्ले जवळजवळ समवयस्क आहेत. त्यांच्या दक्षिणेला अलिबागजवळ कुलाबा आहे, ज्याचे बांधकाम १६८० मध्ये सुरू होऊन संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले आणि जो पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी एका काठावर रेवदंड्याची आणि दुसऱ्या काठावर कोर्लईची पोर्तुगीज तटबंदी आहे, आणि आणखी दक्षिणेला मुरुडसमोर सिद्द्यांचा जंजिरा व त्याला उत्तर म्हणून मराठ्यांनी कासा बेटावर उभारलेला पद्मदुर्ग आहे. एवढ्या थोड्या अंतरात मराठे, सिद्दी आणि पोर्तुगीज या तीन सत्तांनी एकाच प्रकारच्या समुद्राशी आणि बहुतांशी एकाच काळ्या दगडाशी झुंजत बांधकाम केले, एकमेकांचे किल्ले जिंकले, दुरुस्त केले आणि वापरले, त्यामुळे एका भिंतीच्या तुकड्यावरून मालक ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जाते.

दुसरे कारण प्रकाशाचे आहे आणि ते सहसा लक्षात घेतले जात नाही. हा सगळा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे किनाऱ्यावर उभे राहून बेटावरील किल्ल्याचे छायाचित्र घेतले की दुपारनंतर सूर्य किल्ल्याच्या मागे जातो, आणि पर्यटक बहुधा संध्याकाळीच किनाऱ्यावर असल्यामुळे भिंतीचा पोत, सांधे, चर्या (तटाच्या माथ्यावरील पाकळ्यांसारखे दगडी आडोसे) हे सर्व काळोखात बुडून फक्त एक काळी बाह्यरेषा उरते. त्या बाह्यरेषेत पाण्यावर टेकलेली एक आडवी पट्टी आणि तिच्यावर काही उंचवटे यांपलीकडे फारसे काही नसते, आणि तशी पट्टी या किनाऱ्यावरील कोणत्याही जलदुर्गाची असू शकते. सकाळच्या उन्हात घेतलेल्या चित्रात मात्र जमिनीकडची, म्हणजे पूर्वेची भिंत उजळलेली असते आणि तिथे दगड वाचता येतो. म्हणून संध्याकाळचे छायाचित्र हाती आले असता नावाचा अंदाज करणे म्हणजे पुरावा नसताना निकाल देणे होय.

अशा परिस्थितीत जो अंदाज केला जातो तो चित्रातून येत नाही, प्रसिद्धीतून येतो. रायगडच्या किनाऱ्यावरचा समुद्रवेढा किल्ला म्हटले की जंजिरा आठवतो, कारण त्याच्याविषयी सर्वाधिक ऐकलेले असते. उंदेरी क्वचितच कोणाला आठवते, आणि पद्मदुर्गावर पोहोचणारेच कमी असल्यामुळे त्याच्या दगडाची ओळख फार थोड्यांना असते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि त्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरी आहे, तेव्हा यापुढे कदाचित अनेक निनावी तटभिंती खांदेरीच्या नावावर जमा होतील. नावाचा अंदाज हा अशा रीतीने पाहणाऱ्याच्या स्मरणातील ठळक गोष्टींचा आलेख असतो, आणि समोरच्या भिंतीविषयी तो काहीच सांगत नाही.

मग भिंत स्वतः काय सांगते, हे एका उदाहरणावरून तपासता येईल. समजा, एका कुटुंबातील मावशीने पाठवलेल्या छायाचित्रात डावीकडून उजवीकडे जाणारी तटभिंत आहे, उजव्या टोकाला एक गोल बुरूज आहे, भिंतीच्या पायथ्याशी काळपट हिरवा पट्टा आहे, त्याच्या वर करड्या दगडांचे थर आहेत, समोरच्या ओल्या खडकांवर तीन माणसे चालत आहेत आणि त्यांच्या सावल्या त्यांच्या पायांपाशीच गोळा झालेल्या आहेत. तटाच्या माथ्यावरचे गवत वाळून पिवळे पडले आहे. सोबतची ओळ एवढीच आहे: "इथं किती शांत वाटतं. खूप जुना आहे म्हणे." या सामग्रीवर किल्ल्याचे नाव निश्चित करता येत नाही, पण तिच्यातून जे निष्पन्न होते ते मुळीच थोडे नाही.

प्रथम दगड आणि त्यांचे सांधे पाहावेत, कारण समुद्राने या भिंतींवर काय परिणाम केला आहे हे सांध्यांमध्येच उमटते. किनाऱ्यावरील जलदुर्गांच्या भिंती दोन मुख्य पद्धतींनी बांधलेल्या आढळतात. पहिल्या पद्धतीत मोठमोठे दगड चुन्याविना एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यातील पोकळी लहान दगडी चिपांनी भरलेली असते. कुलाब्याच्या तटाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. या रचनेमागचा विचार असा की लाट भिंतीवर आदळली म्हणजे तिचे पाणी फटींमध्ये शिरते, तिथे तिचा जोर विभागला जातो आणि मग ते पाणी त्याच वाटांनी बाहेर पडते, त्यामुळे भिंतीच्या आत अडकलेल्या पाण्याचा दाब साचून दगड बाहेर ढकलले जाण्याचा धोका कमी होतो. दुसऱ्या पद्धतीत घडीव दगड चुन्यात बसवलेले असतात, भिंत एकसंध होते, आणि मग तिचे आयुष्य दगड आणि चुना यांपैकी कोण आधी झिजते यावर अवलंबून राहते.

सर्वसाधारणपणे चुना आधी झिजतो असे मानले जाते, परंतु पद्मदुर्गाच्या भिंतींमध्ये नेमके उलट घडलेले दिसते, आणि ज्याने ते एकदा पाहिले आहे त्याच्या ते सहसा विस्मरणात जात नाही. तिथल्या अनेक दगडांचा दर्शनी भाग खोल झिजून आत गेला आहे आणि त्यांच्यामधल्या चुन्याच्या रेघा जशाच्या तशा पुढे आलेल्या आहेत, त्यामुळे पूर्ण भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. याचे कारण मिठात आहे. समुद्राचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये शिरतात, ऊन आणि वारा यांनी पाणी उडून जाते, मागे उरलेल्या मिठाचे स्फटिक छिद्रांच्या आत वाढतात आणि वाढताना दगडाचे कण एकमेकांपासून सुटे करतात. हे चक्र रोज चालत राहिले की तुलनेने सच्छिद्र दगडाचा पृष्ठभाग भुग्यासारखा गळू लागतो. दगडाच्या मानाने चुन्याचा लेप चिवट राहिला की दगडच मागे सरतो. अर्थात ही झीज पद्मदुर्गावर विशेष ठळक असली तरी मिठाचे काम सगळ्याच किनाऱ्यावर चालू असते, म्हणून एखाद्या चित्रात चार-दोन खोलगट दगड दिसले की लगेच "पद्मदुर्ग" म्हणणेही घाईचेच ठरेल.

इथे एक फसगत नेहमी होते. ज्या भिंतीचा चुना लाटांनी धुऊन नेला आहे ती दूरवरच्या छायाचित्रात चुन्याविना रचलेल्या भिंतीसारखीच दिसते. फरक ओळखण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: मुळातच कोरड्या रचलेल्या भिंतीत दगड मोठे असतात, ते एकमेकांना टेकलेले असतात आणि मधल्या चिपा स्पष्ट दिसतात, धुऊन गेलेल्या भिंतीत मात्र दगड लहान व एकसारखे असतात, सांध्यांची रुंदी बरीचशी समान असते आणि आत खोलवर पांढरट अंश शिल्लक राहिलेला असतो. मावशींच्या चित्रात दगड मोठे आहेत, एवढे निश्चित, पण सांध्यांच्या आत काय आहे हे त्या अंतरावरून दिसत नाही. तेव्हा इथे निष्कर्ष थांबवावा लागतो आणि जे दिसत नाही त्याविषयी मावशींनाच विचारावे लागते.

भिंतीच्या पायथ्याशी असलेला काळपट हिरवा पट्टा हा चित्रातला सर्वांत बोलका भाग आहे. रोज भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दगडांवर शेवाळ धरते आणि कालवे व शिंपले चिकटतात, तर ज्या उंचीच्या वर पाणी पोहोचत नाही तिथे दगडाचा मूळ रंग राहतो, म्हणून त्या पट्ट्याची वरची कड ही नेहमीच्या भरतीची रेषा असते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीशी तिची तुलना केली की छायाचित्राच्या क्षणी पाणी किती खाली होते याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. मावशींच्या चित्रात तो पट्टा चालणाऱ्या माणसांच्या डोक्याच्याही वर गेलेला आहे, म्हणजे ज्या खडकावर ती माणसे निर्धास्त उभी आहेत तिथे आणखी काही तासांनी माणूसभर पाणी असणार आहे. खूप जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी वाटलेली ती शांतता ओहोटीच्या थोड्या तासांपुरतीची होती, ही गोष्ट नाव न कळताही भिंतीवरून वाचता येते.

इथे किनाऱ्यावरच्या लोकांचे एक जुने गणित उपयोगी पडते. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते, कारण चंद्र रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर पुढे सरकते. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा होते, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास होते, आणि म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे असते. हे गणित अर्ध्यापाऊण तासाने चुकू शकते, पण सकाळ आणि दुपार यांत फरक करण्याइतके ते भरवशाचे आहे.

मावशींच्या चित्रात सावल्या पायांपाशी आहेत, म्हणजे वेळ दुपारची. खडक उघडा आहे, म्हणजे ओहोटी. म्हणून तिथी अष्टमीच्या आसपासची असण्याची शक्यता मोठी. सावलीतून ऋतूही कळतो. अलिबागच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे इतका झुकलेला असतो की उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास नव्वद टक्के भरते. मेच्या मध्यास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. पायांपाशी गोळा झालेली सावली आणि वाळलेले पिवळे गवत या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या तर चित्र एप्रिल-मे महिन्यातले ठरते. सावली तशीच जुलैअखेरीसही पडू शकते, पण तेव्हा तटावरचे गवत हिरवेगार असते आणि उसळलेल्या समुद्रापुढे कोणी त्या खडकावर असे सावकाश चालत नाही.

या तर्काला एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अष्टमीच्या सुमारास समुद्राला भांग असते, म्हणजे भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मात्र पाणी खूप चढते आणि खूप उतरते. दुपारी बाराच्या ओहोटीला खडक इतका उघडा पडला असेल तर तो खडक मुळातच उंच असला पाहिजे, किंवा दिवस अष्टमीपासून थोडा दूरचा आणि वेळ दुपारी एक-दोनची असली पाहिजे. ही दुसरी शक्यता खरी धरली तर दशमी-एकादशीकडचा दिवस निघतो. चित्रावरून दोन्हींत निवड करता येत नाही, पण पाठवणारी व्यक्ती एका वाक्यात ती करून देऊ शकते आणि तिला तसे विचारणे हाच संवादाचा सर्वांत स्वाभाविक धागा आहे.

दरवाजा चित्रात असता तर मोह अधिक वाढला असता. या किनाऱ्यावरील किल्ल्यांचे मुख्य दरवाजे दोन बुरुजांच्या कवेत दडवलेले असतात, जेणेकरून समोरून येणाऱ्याला दरवाजा सहज दिसू नये आणि तोफेचा मारा थेट त्यावर होऊ नये. जंजिऱ्याचा राजपुरीकडील दरवाजा तर होडी अगदी जवळ गेल्याशिवाय लक्षात येत नाही. दरवाजाशेजारच्या शिल्पांमध्ये हत्तींना पंज्यात धरलेला वाघासारखा पशू, ज्याला शरभ म्हणतात, तो जंजिऱ्यावर प्रसिद्ध आहे, पण शरभाचे शिल्प महाराष्ट्रातील इतर अनेक किल्ल्यांवरही आहे, म्हणून तो दिसला की जंजिरा असे समीकरण मांडता येत नाही. त्याच पशूच्या पायांत किती हत्ती आहेत, शेपटीत आणि तोंडात आहेत काय, हे मोजून सांगणे मात्र कोणत्याही नावापेक्षा अधिक माहितीचे असते, आणि पाठवणाऱ्याने ज्या दगडाकडे कदाचित पाहिलेही नसेल त्याकडे त्याचे लक्ष त्यामुळे वळते.

वस्तूंवरून काळ ठरवण्याचा मोहही असाच टाळावा लागतो. कुलाब्याच्या उत्तर भागात चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत आणि त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचा लेख आहे. त्या तोफा एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, तर ज्या तटावर त्या उभ्या आहेत तो सतराव्या शतकातला. त्याच किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे मंदिर राघोजी आंग्रे यांच्या काळातले, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यातले. एकाच चौकटीत तीन शतकांची कामे शेजारी उभी असू शकतात, आणि "खूप जुना आहे म्हणे" या ओळीला "हो, अमुक शतकातला" असे उत्तर दिले तर तीनपैकी दोन गोष्टींच्या बाबतीत ते चुकीचे ठरेल.

कॅमेरा स्वतःही फसवतो. मोबाइलच्या रुंद भिंगाने घेतलेल्या चित्रात कडेची सरळ भिंत वाकते आणि बुरुजासारखी गोल दिसू लागते. मावशींच्या चित्रात उजव्या टोकाला बुरूज आहे असे वर म्हटले, पण तो चित्राच्या अगदी कडेला असल्यामुळे ही शंका तिथेही राहते. दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने उलट घडते, समुद्रातला किल्ला किनाऱ्याला चिकटल्यासारखा भासतो आणि जिथे होडीशिवाय पर्याय नाही तिथे पायी जाता येईल असे वाटते. समोरच्या कॅमेऱ्याने घेतलेली आपली छबी काही फोनमध्ये आरशासारखी उलटी साठवली जाते, तेव्हा समुद्र डावीकडे की उजवीकडे यावरून दिशा ठरवणे निरर्थक होते. चित्रातील एखादी पाटी उलटी दिसते काय, साडीचा पदर उजव्या खांद्यावर गेलेला दिसतो काय, यावरून हे ताडता येते. आणि आलेले छायाचित्र गेल्या आठवड्यातलेच आहे असे मानण्यालाही आधार नसतो, कारण जुनी चित्रे आठवण म्हणून पुन्हा पाठवली जातात.

एवढे वाचन करून झाल्यावर उत्तर काय द्यावे, हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो, पण तो ज्ञानाचाही आहे. "हा जंजिरा ना?" असे विचारले की पाठवणाऱ्यासमोर होय किंवा नाही एवढेच दोन पर्याय उरतात, होय म्हटले की बोलणे संपते, नाही म्हटले की विचारणारा चुकलेला ठरतो आणि दुसरे नाव पुढे येते. "मावशी, खडक उघडा दिसतोय, म्हणजे तुम्ही ओहोटीला गेलात का? परतताना पाणी चढलं होतं का?" असे विचारले की जे चित्रात नाही आणि जे फक्त मावशींनाच माहीत आहे ते बाहेर येण्याची वाट मोकळी होते. त्या कदाचित सांगतील की होडीवाल्याने अर्ध्या तासात परतायला सांगितले होते, किंवा की त्यांचे चपलांसकट पाय भिजले, किंवा की किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर होती आणि समुद्राने वेढलेल्या खडकावर गोडे पाणी कसे हे त्यांना नवल वाटले. प्रत्येक उत्तर किल्ल्याविषयीची नोंद अधिक नेमकी करते, आणि ती नोंद ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याच्याकडून आलेली असते.

सोबतच्या अर्धवट ओळीला छायाचित्राइतकेच महत्त्व द्यायला हवे, कारण पाठवणाऱ्याने काय सांगायचे ठरवले आहे हे तिच्यात असते. "शांत वाटतं" असे लिहिणारी व्यक्ती माहितीची मागणी करत नसते; तिला आलेला अनुभव कोणीतरी ऐकावा एवढीच तिची अपेक्षा असते. नाव न लिहिण्यामागेही अनेक कारणे असू शकतात: नाव ऐकले पण लक्षात राहिले नाही, सहलीच्या गाडीत चार ठिकाणे झाली आणि कोणते कोणते ते मिसळून गेले, पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना "कोकण" एवढेच पुरेसे वाटले, किंवा जागेचे नाव जाहीर न करण्याचीच इच्छा होती. या शेवटच्या कारणाकडे दुर्लक्ष करू नये. काही बेटांवर जाण्यासाठी परवानगी लागते, काही जागा मुद्दाम गर्दीपासून दूर ठेवलेल्या असतात, आणि ज्याने नाव टाळले त्याच्याकडून ते सर्वांसमोर काढून घेणे हे कुटुंबातही उद्धटपणाचे ठरते.

या मताला एक वजनदार आक्षेप आहे आणि तो दुर्गप्रेमी व इतिहासाचे अभ्यासक दोघेही घेतील. नावाशिवाय किल्ल्याचा इतिहास सांगता येत नाही, असे ते म्हणतील. १६७९ मध्ये खांदेरीवर मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेली चकमक, कोर्लईच्या टेकडीचे पोर्तुगिजांच्या हाती जाणे आणि १७४० मध्ये मराठ्यांकडे येणे, कान्होजी आंग्रे यांचे १७२९ मध्ये कुलाब्यावर झालेले निधन, या घटना एका ठरावीक जागेच्या आहेत आणि नाव अस्पष्ट ठेवले तर त्या कोणत्याही दगडाला चिकटवल्या जातील. हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच तो अंदाजाविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. पद्मदुर्गाच्या भिंतीला जंजिरा म्हटले की ज्या सत्तेला रोखण्यासाठी ती उभारली गेली तिच्याच खात्यावर ती जमा होते. उंदेरीला खांदेरी म्हटले की शह देणारा आणि ज्याला शह दिला तो यांची अदलाबदल होते. चुकीचे नाव हे नाव नसण्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण रिकामी जागा पुढे भरता येते, पण एकदा नाव लागलेले चित्र त्याच नावाने पुढे पुढे पाठवले जाते आणि काही वर्षांनी कोणीतरी त्यालाच पुरावा समजतो.

नाव सांगणे आवश्यक ठरेल असेही प्रसंग आहेत. पाठवणाऱ्याने स्वतःच "हा कोणता किल्ला?" असे विचारले असेल तर टाळाटाळ करणे योग्य नाही, तेव्हा कोणत्या खुणांवरून कोणत्या शक्यता उरतात आणि कोणत्या बाद होतात हे क्रमाने सांगावे आणि शेवटी "मला अमुक वाटते, पण सांधा जवळून पाहिल्याशिवाय खात्री नाही" असे मोकळेपणाने म्हणावे. दुसरा प्रसंग सुरक्षिततेचा आहे. मावशींनी पुढच्या ओळीत "येत्या पौर्णिमेला नातवंडांना घेऊन परत जाणार आहे, दुपारीच जाऊ" असे लिहिले, तर मात्र किल्ला कोणता हे थेट विचारणे हे कर्तव्य ठरते, कारण पौर्णिमेच्या दुपारी उधाणाची भरती असते, आणि ज्या खडकावर त्या आता उभ्या दिसतात त्याच्यावर त्या वेळी भिंतीवरच्या हिरव्या पट्ट्याच्या कडेपर्यंत, किंबहुना उधाण असल्यामुळे त्याच्याही वर, पाणी असेल. तेव्हा त्यांना जागेचे नाव विचारावे, त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीचे त्या दिवसाचे वेळापत्रक पाहून सांगावे, आणि होडीवाल्याने किंवा स्थानिक माणसाने दिलेली परतीची वेळ ओलांडू नये असे बजावावे. पौर्णिमेला जायचेच असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराची ओहोटी, आणि दुपारच जमणार असेल तर अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस, भांगाचे पाणी फार उतरत नाही हे ध्यानात ठेवून.